ऑइलचा लाल दिवा कधी लागला, सोबत कसला आवाज आला: मेकॅनिकला सांगायचं ते

प्रश्न: माझ्या गाडीत मधूनमधून ऑइलचा लाल दिवा लागतो आणि तेव्हाच इंजिनातून आवाजही येतो. गॅरेजला नेली की दोन्ही गायब. मेकॅनिक म्हणतो, "काहीच दिसत नाही." त्याला नेमकं काय आणि कसं सांगू?

उत्तर:

आधी गाडी वाचवण्याबद्दल. लाल दिवा पेटलेला आहे आणि आवाज येतोय, अशा वेळी इंजिन चालू ठेवून निरीक्षण करत बसू नका. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि जे दिसलं, जे ऐकू आलं ते तिथेच बसून लिहून काढा. ऑइलचा दाब खरोखरच गेलेला असेल तर बेअरिंग खरवडून निघायला फार वेळ लागत नाही. मेकॅनिकला ऐकवता यावा म्हणून आवाज पुन्हा काढून बघणं, त्यासाठी रेस देणं, हे तर मुळीच करू नका. तुमचं वर्णन नीट असेल तर माझ्यासारख्या मेकॅनिकला तो आवाज ऐकावा लागणार नाही.

तुम्हाला वाटेल, हल्ली स्कॅनर लावला की सगळं कळतं, मग वर्णनाची गरज काय? चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. तो दिवा लागतो तेव्हा गाडीचा कंट्रोल युनिट बिघाडाचा कोड साठवतो आणि त्या क्षणी आरपीएम किती होता, कूलंट किती गरम होतं, गाडी किती वेगात होती हेही टिपून ठेवतो. ऑइलच्या लाल दिव्याचं तसं नाही. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः थोड्या जुन्या गाड्यांत, हा दिवा इंजिनवर बसवलेल्या एका साध्या स्विचवर चालतो. ऑइलचा दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की स्विचचे कॉन्टॅक्ट जुळतात आणि दिवा लागतो. दाब वाढला की कॉन्टॅक्ट सुटतात आणि दिवा विझतो. कोड नाही, वेळ नाही, तापमान नाही. दिवा विझल्यावर त्या घटनेची एकच नोंद उरते, ती तुमच्या डोक्यात. म्हणून या एका दिव्याबाबत गाडीमालकाच्या बोलण्याला मी स्कॅनरपेक्षा जास्त किंमत देतो.

हा दिवा मुळात काय सांगतो ते थोडक्यात समजून घ्या, म्हणजे आम्ही कोणते प्रश्न का विचारतो ते लक्षात येईल. हा दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलला दाब आहे की नाही एवढंच सांगतो. स्विच जुळतो तो साधारण ०.२ ते ०.५ बारच्या दरम्यान. धडधाकट इंजिनात ऑइल तापलेलं आणि गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता नुसती चालू असताना दाब एक बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, रेस दिल्यावर तो दोन-तीन बारच्या वर जातो. म्हणजे दिवा लागला तेव्हा दाब थोडा कमी झालेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो.

हा दाब निर्माण कसा होतो? ऑइल पंप क्रँकच्या फिरण्यावर चालतो. इंजिन हळू तर पंप हळू. पंपाने ढकललेलं ऑइल बेअरिंगमधल्या बारीक फटींतून वाट काढत परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये येतं, आणि ती वाट अरुंद असल्यामुळे दाब टिकतो. इंजिन झिजलं की फटी रुंदावतात, तापल्यावर ऑइल पातळ होतं, आयडलवर पंप मंदावतो. ही तिन्ही एकत्र आली की दाब सर्वांत कमी असतो. दिवा "कधी" लागला याला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच. एकच दिवा, पण लागण्याची वेळ बदलली की दोष बदलतो.

समजा तुम्ही सांगितलंत, "सकाळी काही नाही. अर्धा-पाऊण तास हायवेला चालवल्यावर सिग्नलला थांबलो की लुकलुकतो, ॲक्सिलरेटरला जरा पाय लावला की जातो." हे ऐकल्यावर माझं लक्ष पातळ झालेल्या ऑइलकडे, झिजलेल्या बेअरिंगकडे किंवा थकलेल्या पंपाकडे जातं. याच संदर्भात एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो: एसी चालू होता की बंद, तेही सांगा. एसी लागल्यावर अनेक गाड्यांत आयडल थोडं वाढतं, आणि तेवढ्या वाढीनेही दिवा विझू शकतो. "एसी बंद असतानाच लागतो" हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटतं, पण दाब अगदी काठावर आहे हे मला त्यातून कळतं.

आता हेच जर असं असेल: "वळणावर किंवा जोरात ब्रेक मारला की क्षणभर लागतो आणि सरळ रस्त्याला जातो." मग गोष्ट पार बदलली. चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं, पंपाची सक्शनची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ऑइल कमी आहे, बहुधा डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही बरंच खाली. इथे प्रश्न पंपाचा नाही, ऑइल गेलं कुठे याचा आहे: गळतंय की जळतंय. वळण डावं होतं की उजवं, चढ होता की उतार, हेही आठवत असेल तर सांगा, कारण जाळी चेंबरच्या कोणत्या बाजूला आहे हे मला माहीत असतं.

उलट काही जण सांगतात की आयडलला सगळं ठीक, पण वेगात गाडी चालवताना लागतो. हे कमी वेळा ऐकायला मिळतं, पण मी ते जास्त गंभीर मानतो. जाळीत गाळ बसला असेल तर हळू चालणाऱ्या पंपाला पुरेल एवढं ऑइल मिळतं, वेगाने फिरणाऱ्या पंपाला मिळत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा नेहमीपेक्षा तीन-चार सेकंद जास्त रेंगाळतो आणि तेवढाच वेळ खळखळ ऐकू येते, असं असेल तर फिल्टरमधला वॉल्व्ह रात्रीत ऑइल खाली सोडून देतोय का, हे आधी बघायचं. आणि दिव्याला कसलाच ताल नाही, इंजिन गार-गरम, हळू-जोरात काहीही असो, खड्ड्यात गाडी आपटली की लागतो, आवाज मात्र अजिबात नाही, तर वायर किंवा स्विच यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

आणखी एक क्रम नीट आठवून सांगा, कारण इथे घोटाळा हमखास होतो. "दिवा लागला आणि इंजिन बंद पडलं" असं लोक सांगतात, पण खरं घडलेलं असतं उलट. इंजिन कोणत्याही कारणाने बंद पडलं आणि चावी चालूच राहिली की ऑइलचा आणि बॅटरीचा, दोन्ही लाल दिवे लागणारच, कारण पंपही थांबला आणि अल्टरनेटरही. ते दिवे कारण नाहीत, परिणाम आहेत. आधी दिवा, मग आवाज, मग इंजिन थांबलं. की आधी इंजिन थांबलं आणि मग दिवे लागले? पहिल्या उत्तरावर मी चेंबर उघडायचा विचार करेन, दुसऱ्यावर पेट्रोल आणि स्पार्ककडे बघेन. एका वाक्याच्या क्रमावर कामाची दिशा बदलते.

आता आवाज. इथे माझी एकच विनंती असते: निदान सांगू नका, ऐकलेलं सांगा. "टॅपेट वाजतोय" हे निदान झालं. "बॉनेटच्या वरच्या भागातून हलकी, कोरडी टिकटिक, शिलाई मशीनसारखी" हे ऐकलेलं झालं. तुमचं निदान चुकीचं असलं तर मीही त्याच्या मागे भरकटतो. ऐकलेलं सहसा चुकत नाही.

आवाजाबद्दल सर्वांत आधी ठरवायचं ते हे: आवाजाचा वेग इंजिनाबरोबर बदलतो की चाकांबरोबर? गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रलमध्ये असतानाही येत होता का? येत असेल तर तो इंजिनाचा. गाडी चालतानाच येतो आणि वेग वाढेल तसा जलद होतो, मग गिअर कुठलाही असो, तर तो बहुधा चाक, ॲक्सल किंवा ब्रेकच्या बाजूचा. तेव्हा दिवा आणि आवाज या दोन वेगळ्या तक्रारी असण्याची शक्यता मोठी, आणि दोन्ही एकाच वाक्यात घातल्यात तर दोन्हींचा तपास बिघडेल.

आवाज इंजिनाचाच असेल तर तो वरचा की खालचा, हलका की जड, हा पुढचा भाग. वरचा आवाज म्हणजे टिकटिक. ज्या इंजिनांत टॅपेट, म्हणजे कॅम आणि वॉल्व्ह यांच्यामधले छोटे भाग, ऑइलच्या दाबावर भरलेले राहतात, त्यांत दाब पडला की ते वाजू लागतात. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून आयडलला, म्हणजे ८०० आरपीएमच्या आसपास, एकटा टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात टिका येतात. कान देऊन ऐकलं तर त्या सुट्या सुट्या जाणवतात. खालचा आवाज म्हणजे ठकठक: खोल, जड, हातोडी लाकडाच्या ठोकळ्यावर पडावी तशी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खराब झालं की तो येतो, क्रँकच्या वेगाने येतो म्हणून आयडलला तो वरच्या टिकटिकीच्या साधारण दुप्पट जलद असतो, आणि ॲक्सिलरेटर हलकेच सोडताना तो जास्त उठून ऐकू येतो. दिव्याबरोबर टिकटिक आणि रेस देताच दोन्ही बंद, यात अजून वाव आहे. दिव्याबरोबर खोल ठकठक आणि दिवा विझल्यावरही ठकठक चालूच, तर ती गाडी चालवत गॅरेजला आणू नका, उचलून आणा.

फोनवर रेकॉर्ड करावं का? सोबत कुणी असेल आणि इंजिन बंद करण्याआधी त्याला पाच-सात सेकंद मिळाली तर करावं, डॅशबोर्डचा व्हिडिओ दिवा आणि आरपीएमचा काटा दोन्ही दिसतील असा. गाडी चालवणाऱ्याने स्वतः हे करू नये. एक मर्यादा लक्षात ठेवा: फोनचा माइक टिकटिक छान पकडतो, खोल ठकठक मात्र त्यात निम्मी हरवते. तेव्हा पायाखालच्या पत्र्याला किंवा पेडलला धक्के जाणवत होते का, ते तोंडी सांगा. व्हिडिओत ते येणार नाही.

दिवा कोणता होता हेही एकदा पक्कं करा. तेलाच्या किटलीचं चित्र आणि तोटीखाली थेंब, रंग लाल, तर तो दाबाचा. तसंच चित्र पिवळ्या रंगात, खाली नागमोडी रेघ, तर बऱ्याच गाड्यांत तो पातळीचा असतो आणि त्याची घाई एवढी नसते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत चित्र पाहून बोट ठेवा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, हा लाल दिवा लागायलाच हवा आणि सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत विझायला हवा. तो चावीवर लागतच नसेल तर ते चांगलं लक्षण नाही. दिवा, वायर किंवा स्विच यांपैकी काहीतरी तुटलेलं आहे आणि खरी वेळ आली तरी तो लागणार नाही. हे तपासून यायला तुम्हाला दहा सेकंद लागतात.

आता एक उदाहरण सांगतो. एक गृहस्थ बऱ्यापैकी चाललेली पेट्रोल गाडी घेऊन आले. आधी दुसऱ्या गॅरेजला त्यांनी फक्त "ऑइलचा लाइट लागतो" एवढं सांगितलं होतं. तिथे स्विच बदलला गेला. त्या मेकॅनिकला दोष देता येत नाही, स्विच स्वस्त असतो, अनेकदा खराबही निघतो, आणि हातात दुसरी काही माहितीच नव्हती. दिवा चार दिवसांनी पुन्हा लागला.

मी त्यांना बसवून विचारत गेलो. पहिल्यांदा कधी लागला? पंधरा-वीस दिवसांपूर्वी. गार इंजिनला? कधीच नाही. कुठे? लांबून आल्यावर फाटकाशी किंवा सिग्नलला थांबल्यावर. आरपीएम किती? काटा साडेसातशेच्या जवळ, थोडी रेस दिली आणि हजारला गेला की दिवा जातो. एसी? चालू असला की लागत नाही, हे त्यांना विचारल्यावरच आठवलं. वळणावर, ब्रेकला? नाही. आवाज? हो, वरून टिकटिक, दिव्याबरोबर येते, दिव्याबरोबर जाते. खालून काही? नाही, पायालाही काही जाणवत नाही. आणि शेवटचा प्रश्न, जो मी प्रत्येकाला विचारतो: दिवा पहिल्यांदा लागला त्याच्या आधी महिनाभरात गाडीचं कुठलं काम झालं? ते म्हणाले, "ऑइल बदललं होतं, पण त्याचा काय संबंध, नवीनच ऑइल आहे की." बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. या इंजिनाला १०डब्ल्यू-४० लागतं, घातलेलं होतं त्याहून बरंच पातळ ०डब्ल्यू-२०.

एवढं कळल्यावर काय काय वगळता आलं बघा. वळणावर लागत नाही, म्हणजे ऑइल कमी नसावं; डिपस्टिकने तसंच दाखवलं. आवाज दिव्याबरोबरच येतो-जातो, म्हणजे दिवा खोटं बोलत नाही, दाब खरोखर पडतो. स्विच पुन्हा बदलण्यात अर्थ नाही. वेगात लागत नाही, म्हणजे जाळी तुंबल्याची शक्यता कमी. खालून ठकठक नाही, म्हणजे बेअरिंग अजून तग धरून आहे. स्विच काढून त्याजागी दाब मोजायचा गेज लावला, इंजिन पूर्ण तापू दिलं. आयडलला काटा ०.४ बारच्या आसपास थरथरत होता, २००० आरपीएमला दोन बारच्या जवळ. योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घालून तेच मोजमाप पुन्हा घेतलं तेव्हा गरम आयडलला ०.८ बार मिळाले. दिवा गेला, टिकटिक गेली.

पण त्यांना मी "गाडी नवीन झाली" असं सांगितलं नाही. धडधाकट इंजिनात पातळ ऑइलनेही दाब एवढा पडला नसता. बेअरिंगच्या फटी काही प्रमाणात वाढलेल्या आहेत, चुकीच्या ऑइलने ते उघड केलं. दर ऑइल बदलताना गेज लावून गरम आयडलचा आकडा लिहून ठेवायचा आणि तो घसरू लागला की चेंबर उघडायचा, असं ठरलं.

गाडी दाखवायला नेण्याआधी काही गोष्टी करायच्या नाहीत, कारण त्याने पुरावा पुसला जातो. ऑइल लगेच भरू नका. आधी सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, आणि पातळी कुठे आहे त्याचा फोटो घ्या. कमी असेल आणि भरावंच लागलं तर कोणतं ऑइल, किती घातलं ते सांगा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि तुम्ही ऑइल भरलेलं नसेल तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय आणि ते पातळ झालंय, हे मी तुमच्या त्या एका वाक्यावरून ओळखेन. इंजिन धुऊन आणू नका, गळतीचा माग त्याच मळात असतो. आणि बॅटरीची वायर काढून "रीसेट" करू नका, चेक इंजिनचा कोड साठवलेला असेल तर तोही त्यात जाईल.

मेकॅनिकला तुम्ही बोलून सांगा, पण एका कागदावर लिहूनही द्या, कारण काउंटरवरच्या माणसाकडून बॉनेट उघडणाऱ्यापर्यंत जाता जाता "गरम झाल्यावर, आयडलला" हे शब्द गळतात आणि "ऑइल लाइट चेक करणे" एवढंच उरतं. वरच्या गृहस्थांचा कागद असा झाला असता: "लाल, किटली-थेंबाचा दिवा. गार असताना कधीच नाही. तीस-चाळीस मिनिटं चालवल्यावर, थांबल्यावर, ७५० आरपीएमला लुकलुकतो, १००० ला जातो. एसी चालू असला की लागत नाही. वळण, ब्रेक, खड्डा यांचा संबंध नाही. दिव्याबरोबरच वरून हलकी टिकटिक, खालून काही नाही. ऑइल बदलल्यापासून सुरू, बिल सोबत. डिपस्टिकवर पातळी ठीक. स्विच एकदा बदलला, फरक नाही."

तुमच्या गाडीत गॅरेजला नेल्यावर दोन्ही गायब होतं, याचं कारण बहुधा साधं आहे. तुम्ही गाडी सकाळी नेऊन उभी करता, मेकॅनिक ती तासाभराने गार इंजिनवर सुरू करतो. तुमचा दिवा गरम इंजिनवर लागणारा असेल तर त्याला तो दिसणारच नाही. म्हणून वेळ आधी ठरवून घ्या आणि त्याला सांगा की इंजिन पूर्ण तापवून, एसी बंद ठेवून, आयडलला गेज लावून दाब बघायचा आहे. त्यासाठी दिवा लागलेला असण्याची गरज नाही. गेजवरचा काटा दिवा लागायच्या बराच आधी बोलायला लागतो. जो आकडा येईल तो आयडलचा आणि २००० आरपीएमचा, दोन्ही बिलावर लिहून मागा.